कमोडचं माप कुठून घ्यायचं

ये गं, अशी जवळ बस. लांब खुर्चीवर नको, इथं माझ्या शेजारी. आधी थोडं रागावू दे. पुण्याहून एवढी आलीस, बैलकुप्प्याला जाऊन तिबेटी लोकांची देवळं बघितलीस, त्यांच्यातले मोमो खाल्लेस, आणि म्हैसुरावरून परत जाताना आत्याच्या दारात गाडी थांबवली नाहीस. वर फोनवर फोटो पाठवतेस, एक जमिनीवरच्या कमोडचा, एक भिंतीला टांगलेल्याचा, आणि खाली लिहितेस, "आत्या, नवीन फ्लॅटमध्ये कुठला बसवू?" असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या असतात का? भावाची लेक म्हणून सोडते. पण आता लिहून पाठवते ते सगळं वाच. समोर बसल्यासारखं वाच. मधून उठू नकोस.

तुला वाटतं, आत्याला कमोडमधलं काय कळतंय. खरं आहे, दोन वर्षांपूर्वी मला पण कळत नव्हतं. आमच्या घरात माणसं शिवणकाम करणारी. माझा सासरा शिंपी, आमचे हे शिंपी, दुकान पुढं आणि घर मागं. घरात मराठी बोलायचं, गिऱ्हाइकाशी कन्नड, एकादशीला संध्याकाळी विठ्ठलाचं भजन, आणि न्हाणीघरात एक जुनं बसून वापरायचं भांडं. बसून म्हणजे खाली बसून, उकिडवं. सासऱ्यांच्या वेळचं. त्यात कुणाला काही कमी आहे असं कधी वाटलं नाही.

कमी वाटली ती अक्कांमुळं. अक्का म्हणजे यांची थोरली बहीण. हे आठ वर्षांचे असताना आई गेली, तेव्हा अक्का सतराच्या. त्यांनी लोकांच्या शर्टाची काजं करून, बटणं टाकून यांना वाढवलं. लग्न झालं, म्हैसुराजवळच्या सोसले गावाला गेल्या, मूल झालं नाही, नवरा गेला, तरी तिथंच एकट्या राहिल्या. मग पंच्याहत्तरी आली आणि दोन्ही गुडघे गेले. म्हैसुरातल्याच दवाखान्यात दोन्ही बदलायचे ठरले. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशननंतर खाली बसणं बंद. कायमचं बंद. घरी खुर्चीसारखा कमोड असेल तरच सोडतो, आणि तो उंच हवा.

आता गंमत बघ. याच अक्का आधी कमोडला काय म्हणायच्या माहीत आहे? "त्या गोष्टीला खुर्ची कशाला लागते, राज्य करायचं आहे का बसून?" कुणाच्या घरी कमोड बघितला की तसंच परत यायच्या. देवानं त्यांचंच ऐकलं आणि म्हटलं, बस बाई, कर राज्य.

पण यांच्या जिवाला लागून राहिलं. अक्कांच्या नवऱ्याचा पुतण्या बेंगळूरला असतो. फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, दोन दोन कमोड आहेत. तो म्हणाला होता, काकींना मी नेतो. अक्का पण म्हणाल्या, जाईन बाबा, तुझ्याकडं सोय नाही तर काय करणार. हे घरी येऊन जेवले नाहीत. मला म्हणाले, "जिनं काजं करून मला मोठं केलं, ती माझ्या घरात सोय नाही म्हणून परक्याकडं जाणार?" आयितु, झालंच मग. त्या दिवसापासून कमोड हा आमच्या घरातला अब्रूचा प्रश्न झाला. पहिल्यांदाच एवढं मोठं काम त्या खोलीच्या वाट्याला आलं असेल.

आमच्या मुलाला बातमी कळली. तो हैदराबादला असतो. त्यानं एका संध्याकाळी फोनवर बटणं दाबली आणि तिसऱ्या दिवशी दारात दोन खोकी. एकात पांढरं भांडं, दुसऱ्यात लोखंडी चौकट. भांडं बाहेर काढलं तर त्याला पायच नाही. खालून कापल्यासारखं. यांनी मुलाला फोन लावला, अरे, पाय यायचे राहिलेत, त्यांना कळव. मुलगा हसला. म्हणाला, बाबा, ते भिंतीला टांगायचं असतं, चौकट भिंतीच्या आत जाते, पाण्याची टाकी पण आत लपते.

यांना ते मुळीच पटलं नाही. माणूस बसणार जमिनीच्या भरवशावर. भिंतीच्या भरवशावर बसायला तो पाल आहे का? आणि अक्का बसल्यावर भिंत आली तर? म्हणून भांडं पुढच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलं, वर धुतलेला टॉवेल टाकला. चौकट मात्र कामाला आली. चांगली उंच, मजबूत, आडव्या पट्ट्या असलेली. तिला यांनी दुकानात उभी केली आणि शिवून झालेले कोट हँगरला लावून तिच्यावर टांगायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं विचारायची, कुठून आणला हो हा स्टँड, चांगला आहे. हे सांगायचे, मुलानं पाठवला. खोटं काय होतं त्यात.

आणि स्वतः जाऊन सांगितलं आमच्या ओळखीच्या प्लंबरला. हा माणूस आमच्याच वयाचा, कन्नड बोलणारा, मला अम्मा म्हणतो आणि यांना यजमान्रे, म्हणजे मालक. त्यानं घरात पाय टाकल्या टाकल्या पहिला प्रश्न विचारला, "एस हवा का पी?"

मला वाटलं, चहाचं बोलतोय, एस म्हणजे साखर.

मग त्यानं मला समजावलं. स्वयंपाकघरात उभा राहून, हातानं दाखवून. कमोडच्या पोटात एक वळण असतं, त्यात पाणी साठून राहतं. ते पाणी म्हणजे दार. वास खालून वर येऊ देत नाही. ते वळण सगळ्यांना असतंच. फरक कशात, तर घाण बाहेर पडायची वाट कुठून जाते. इंग्रजी एससारखं वळण असेल तर ती सरळ खाली जमिनीत उतरते. पीसारखं असेल तर मागं भिंतीकडं आडवी जाते. म्हणून आधी पाइप कुठं आहे ते बघायचं आणि मग भांडं आणायचं, नाहीतर आधी भांडं आणायचं आणि मग पाइप तिथं न्यायचा. दोन्ही वेगवेगळ्या दिशेनं चालले तर दोघांची भेट होत नाही. "लग्नासारखंच आहे, अम्मा," म्हणाला.

आमचं जुनं भांडं उखडल्यावर तळमजला असल्यामुळं खाली माती. तेव्हा पाइप कुठंही नेता येत होता. यांनी ठरवलं, जमिनीतला एस. मग प्लंबर म्हणाला, तर आधी दुकानात जाऊन कमोड आणा. त्याच्या मागच्या बाजूपासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत किती अंतर आहे ते मोजू, आणि भिंतीपासून तेवढ्यावर पाइप काढू.

इथं आमच्या यजमानांचा शिंपी जागा झाला.

यांचं म्हणणं काय, तर कापड आधी आणून माणूस नंतर शोधत नाहीत. माणसाचं माप आधी. पाइप म्हणजे अंग, कमोड म्हणजे कपडा. अंग ठरलं की कपडा मिळतो. दुकानात फोन करून विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, एसमध्ये चार इंचाचा येतो, नऊ इंचाचा येतो, बारा इंचाचा येतो, सगळ्यात जास्त नऊचा जातो. झालं. यांनी गळ्यातली टेप काढली, न्हाणीघरात गेले, आणि भिंतीपासून नऊ इंचांवर शिंप्याच्या खडूनं जमिनीवर फुली मारली. निळी फुली. कापड कापायच्या आधी मारतात तशी.

तेव्हा भिंतीची अवस्था ऐक. जुनं प्लास्टर काढलेलं. नुसती वीट. वर प्लास्टर यायचं होतं, त्यावर मसाला, त्यावर टाईल.

प्लंबरनं ती फुली बघितली. मी तिथंच होते, चहा घेऊन. त्यानं टेप लावून बघितली, वीट बघितली, यांच्याकडं बघितलं. मग हळूच विचारलं, "यजमान्रे, हे नऊ इंच टाईलपासून आहेत ना?"

हे म्हणाले, "चाळीस वर्षं मापं घेतोय मी."

त्यानं टेप खिशात टाकली. मला नंतर म्हणाला, अम्मा, शिंप्याला मापावरून कोण बोलणार. जसं मला कुणी पाण्याचा उतार शिकवायला आलं तर मी ऐकून घेईन का? असं हे. दोघांनी एकमेकांच्या विद्येचा मान राखला. मानानं तेवढंच नुकसान होतं जेवढं भांडणानं होतं, फक्त आवाज होत नाही. त्यानं फुलीवर पाइप काढला, वर कापडाचा बोळा घालून तोंड बंद केलं. गवंड्यानं प्लास्टर केलं, टाईल लावली. जमिनीची टाईल यांनी एका दुकानातल्या शेवटच्या पेट्या उचलून आणली होती, करड्या रंगाची, सुंदर. त्या माणसानं सांगितलंच होतं, यानंतर हा रंग येणार नाही. आम्हाला तो कौतुकाचा शब्द वाटला.

इकडं अक्कांचं ऑपरेशन झालं, छान झालं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या शुक्रवारी घरी सोडू. त्याच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी नऊ इंचाचा कमोड हातगाडीवरून आमच्या दारात उतरला. हे इतके खूश की दुकान बंद ठेवलं. प्लंबरनं बोळा काढला, कमोड उचलून पाइपवर ठेवायला गेला. मागची बाजू भिंतीला टेकली. भोक पाइपवर आलंच नाही.

परत उचलला. परत ठेवला. दीड इंच पुढं.

यांनी टेप काढली. टाईलपासून पाइपच्या मध्यापर्यंत साडेसात. पुन्हा मोजलं. साडेसातच. प्लास्टर, मसाला आणि टाईल मिळून दीड इंच खाऊन बसले होते.

मी यांच्या तोंडाकडं बघू शकले नाही. म्हणजे, बघितलं, पण चोरून. नंतर जेवताना यांनी स्वतःच सांगितलं, चूक कशी झाली. टाईल येणार हे काय यांना माहीत नव्हतं? होतं. पण शिवणकामाच्या छापील नमुन्यात शिवणीसाठी सोडायचा दाब आधीच धरलेला असतो ना, आपण वेगळा धरला तर कपडा ढगळा होतो. यांना वाटलं, कंपनीनं नऊ म्हटलंय म्हणजे त्यात टाईलचा दाब धरूनच म्हटलं असणार. एवढी मोठी कंपनी, दाब धरणार नाही?

कंपनीनं नाही धरला. कंपनीला शिंपी भेटला नव्हता.

आता काय काय करता येईल, हे प्लंबर न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून सांगत होता. साडेसातचा कमोड जगात मिळत नाही. चार इंचाचा आणला तर भोक जुळेल, पण मागं साडेतीन इंचांची फट राहील, भिंतीपासून सुटा उभा राहील, आणि फटीत आयुष्यभर झुरळं संसार करतील. मधे वाकडा जोड घालून ओढून ताणून जुळवता येईल, बरेच जण करतात, पण त्या पायरीवर घाण अडकते, सहा महिन्यांत तुंबतो. तो म्हणाला, ते मी करणार नाही. यांनी विचारलं, मागं जाणारा पी आणला तर? तर भिंत फोडून पाइप भिंतीत न्यायचा. एसच ठेवून पाइप सरकवायचा तर कमोडच्या भोवतीची जमीन फोडायची, आणि ती टाईल आता मिळत नाही. बरोबर अक्कांच्या पायाशी ठिगळ येणार.

यांना ठिगळ हा शब्द सहन झाला नाही. उठून दुकानात गेले. मी मागं गेले. कोटांच्या जवळ उभे होते, हातात टेप तशीच. म्हणाले, बेंगळूरला फोन करतो, येऊन ने म्हणून सांगतो. मी म्हटलं, करा. तेवढ्यात प्लंबर पाणी मागायला आत आला आणि कोटांकडं बघून थांबला.

"यजमान्रे," तो म्हणाला, "हे कोट कशावर टांगलेत?"

मी सांगितलं, मुलानं पाठवलेला स्टँड. त्यानं एक एक कोट उचलून बाजूला केला, जसा कुणी झाकलेल्या देवावरची फुलं बाजूला करतो, आणि ती चौकट उघडी केली. मग विचारलं, याचं भांडं कुठं आहे? मी पुढच्या खोलीत जाऊन टॉवेल काढला. तो तिथंच जमिनीवर बसून हसायला लागला. म्हणाला, अम्मा, घरात औषध ठेवून वैद्य शोधत फिरताय.

आता नीट ऐक, तुझ्या कामाचं इथून आहे. टांगायच्या भांड्याचं वळण भांड्याच्याच पोटात असतं आणि त्याची वाट मागं आडवी निघते. म्हणजे जातीनं पी. जमिनीपासून साधारण नऊ इंच वर त्या वाटेचा मध्य येतो. तिथून चौकटीतला बेंड ती वाट खाली वळवून जमिनीत उतरवतो, आणि हे सगळं होतं चौकटीच्या मागं. चौकटीपुढं कमरेएवढी एक छोटी भिंत, पेटीसारखी, बांधायची असते. टाकी, पाइप, बेंड, सगळं त्या पेटीच्या पोटात. बाहेर दिसतं फक्त भांडं आणि वर दाबायची पट्टी.

प्लंबरचं म्हणणं होतं, पेटी दहा इंच पुढं आणू. आमचं न्हाणीघर अरुंद असलं तरी लांबट आहे, आणि टांगायचं भांडं आखूड असतं, तेव्हा जमिनीवरच्यापेक्षा चारच इंच जास्त जातील, कळणार नाही. पाइप थोडा मागं सरकवावा लागेल, जमीन फोडावी लागेल, पण सगळी फोडाफोड पेटीच्या आत. ठिगळ कुणाला दिसणार नाही.

"आतल्या बाजूची शिवण," हे म्हणाले.

"तेच," तो म्हणाला.

पण मग त्यानं दुसरा प्रश्न टाकला. जमिनीवरच्या कमोडची उंची कंपनीनं ठरवलेली असते, माणसानं जुळवून घ्यायचं. याचं तसं नाही. चौकट वर खाली करता येते, तेव्हा किती उंच बसवायचं ते आत्ताच सांगा. एकदा टाईल लागली की संपलं, मग बदलणार नाही. आणि हळूच म्हणाला, "या वेळी खालची टाईल लागलेली आहे, यजमान्रे. तिच्यावरूनच मोजू."

हे वळले. टेप गळ्यात घातली, चप्पल घातली आणि दवाखान्यात गेले. मी पण गेले, म्हणून मला माहीत आहे.

अक्का पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. व्यायाम करून घेणारी मुलगी शेजारी उभी. यांनी सगळं खरं सांगितलं, दीड इंचासकट. मग खाली बसले, गुडघ्यावर. सगळे लोक बघतायत. अक्कांच्या तळपायापासून गुडघ्याच्या मागच्या खोलगट जागेपर्यंत टेप लावली. साडेसोळा इंच. पुन्हा उठले, पलंगाखालची अक्कांची चप्पल काढून त्यांच्या पायात घातली, आणि पुन्हा माप घेतलं. सतराच्या जरा वर.

अक्का वरून बघत होत्या. म्हणाल्या, "सगळ्या म्हैसुराची मापं घेतलीस. माझं आज पहिल्यांदा घेतोस. आणि बघ कशासाठी."

खरंच होतं. अक्का स्वतःचा झंपर स्वतः शिवायच्या, सतरा वर्षांच्या असल्यापासून. भावाला माप द्यायची वेळच कधी आली नाही. हे मान खाली घालून टेप गुंडाळत बसले. मी त्या व्यायामवाल्या मुलीला उगाच पाण्याचा ग्लास दिला. तिला तहान नव्हती. ती म्हणाली, गुडघा कमरेच्या खाली राहायला हवा, म्हणून मापाच्या जरा वर ठेवा, अठरा ठेवा.

"दाब एक इंच," हे म्हणाले, आणि हसले. सकाळपासून पहिल्यांदा.

घरी आल्यावर प्लंबरला सांगितलं, अठरा. टाईलपासून. चप्पल धरून. तो म्हणाला, चप्पल मी आजवर कधी कुणाची धरली नाही. साधारण सोळाला बसवतात, म्हणून त्यानं चौकट दोन इंच वर घेतली, वाटेचा मध्य पण तेवढाच वर गेला. चौकटीचे पाय खालच्या काँक्रीटमध्ये, वरचे दोन हात मागच्या भिंतीत बोल्ट मारून घट्ट केले. टाकीला पाणी जोडलं आणि पेटी बंद करायच्या आधी एक पूर्ण दिवस तसंच सोडलं, कुठं थेंब गळतो का बघायला. मी दर तासाला जाऊन हात लावत होते. मग सिमेंटचा पत्रा लावून पेटी बंद केली, वर साधी पांढरी टाईल लावली.

त्या पांढऱ्या टाईलमधून तीन गोष्टी बाहेर आलेल्या होत्या. दोन बोल्ट, पाणी यायची नळी, घाण जायची नळी. चार झाल्या. मला मोजता येत नाही असं समजू नकोस, बोल्ट जोडीचे म्हणून एक धरले. त्या दोन्ही नळ्या लांब ठेवलेल्या होत्या, वीतभर. यांनी विचारलं, एवढ्या लांब का? प्लंबर म्हणाला, टाईल किती जाड बसेल ते आधी कसं सांगणार, म्हणून जास्त सोडायचं आणि टाईल लागल्यावर तिच्यापासून मोजून कापायचं.

यांनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं इतक्या वर्षांनी ओळख पटली. पँटची खालची पट्टी हे तशीच सोडतात. गिऱ्हाइकानं बूट घालून उभं राहिल्याशिवाय दुमडत नाहीत. हे सगळं यांना येत होतं. चाळीस वर्षं येत होतं. फक्त भिंत पण कपडे घालून उभी राहते, हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि ज्याला माहीत होतं त्याला यांनी बोलू दिलं नव्हतं. ते यांनी त्याच दिवशी त्याला सांगितलं पण. तो म्हणाला, मी पण एकदाच विचारलं, दोनदा विचारायला हवं होतं. मी दोघांना चहा दिला. साखर न विचारता.

गुरुवारी भांडं टांगलं. मागं रबराची चकती, दोन बोल्ट, बस. जमिनीपासून अधांतरी. कागदावर लिहिलं होतं की चारशे किलो पेलतं, पण कागदावर कोण विश्वास ठेवतो. आधी प्लंबर बसला, कपड्यासकट. मग हे बसले. मग मला बसायला लावलं. मी म्हटलं, माझ्यावर प्रयोग कशाला, तर हे म्हणाले, घरात सगळ्यात जड तूच. बघ, चाळीस वर्षं मापं घेणाऱ्याचं बोलणं असं असतं. मी बसले. काही हललं नाही. माझे पाय मात्र जमिनीला टेकले नाहीत. अठरा इंच अक्कांचे, माझे नाहीत. अजूनही मी तिथं शाळेत नवीन आलेल्या मुलीसारखी पाय लोंबकळत बसते.

शुक्रवारी अक्का आल्या. चौकोनी वॉकर धरून आधी देवापुढं, मग थेट तिकडं. आम्ही सगळे बाहेर उभे. प्लंबर पण आला होता, कुणी बोलावलं नव्हतं. आतून पाण्याचा आवाज आला. अक्का बाहेर आल्या, त्याच संथ चालीनं, आणि यांच्यासमोर थांबल्या. म्हणाल्या, "बरोबर आहे रे माप."

यांनी मान वळवली. म्हणाले, "चुकलं असतं तर दुरुस्ती नव्हती, अक्का." आणि घाईघाईनं दुकान उघडायला गेले.

सहा आठवड्यांसाठी आल्या होत्या. दोन वर्षं झाली. सोसल्याच्या घरात अजून जुनंच भांडं आहे, म्हणून परत जाता येत नाही म्हणतात. ते पण बदलून देऊ म्हटलं तर ऐकू येत नाही. एकादशीच्या भजनाला येणाऱ्या बायका अभंग संपला की रांगेनं न्हाणीघर बघून येतात, खाली वाकून भांड्याच्या खालून हात फिरवतात आणि सुम्ने, उगाच, माना हलवतात. ज्या अक्का कमोडवर राज्य करतात म्हणून लोकांना नावं ठेवायच्या, त्याच आता उंबऱ्यात उभ्या राहून सांगतात, हे तळाशी पुसायला किती सोपं बघा. दुकानात मात्र कोट पुन्हा दोरीवर टांगतो. तो स्टँड फार चांगला होता.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दोन्ही चांगले. पण तुझा फ्लॅट वरच्या मजल्यावर, पाइप तयार आहेत, तेव्हा आधी बघ वाट खाली उतरते की मागं जाते. जमिनीत असेल तर टाईलपासून मध्यापर्यंत मोज. टाईलपासून, विटेपासून नाही. मग भांडं घे. भिंतीला टांगायचं असेल तर चौकट आणि पेटीला जागा किती जाते बघ, आणि ज्याच्यासाठी बसवतेस त्याच्या पायाचं माप आधी घे. घरात सगळ्यांचे पाय सारखे नसतात. आणि प्लंबर विचारील ते त्याला दोनदा विचारू दे.

हे सगळं लिहून पाठवलंय, पण बघितल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा बैलकुप्पे बस झालं. या वेळी सरळ आमच्याकडं ये, लवकर ये. अक्का रोज विचारतात, ती पुण्याची मुलगी कधी येणार. यांची टेप कायम गळ्यात असते, मापाची काळजी करू नकोस. फक्त येताना चप्पल घालून ये.